‘जरी’ आलं की ‘पण’ नको

कर्जाचा अर्ज फेटाळला गेलेला माणूस तक्रारीचं पत्र लिहायला बसतो. मनातलं वाक्य सरळ असतं : ‘मी कागदपत्रं वेळेत दिली, तरी माझा अर्ज फेटाळला.’ मराठीत ते एका दमात लिहून होतं. इंग्रजीत लिहायची वेळ आली की हात अडखळतो आणि पुढच्या चारपैकी एखादं वाक्य कागदावर उतरतं.

‘ऑलदो आय सबमिटेड द डॉक्युमेंट्स ऑन टाइम, बट माय अॅप्लिकेशन वॉज रिजेक्टेड.’
‘इन स्पाइट आय सबमिटेड द डॉक्युमेंट्स ऑन टाइम, माय अॅप्लिकेशन वॉज रिजेक्टेड.’
‘डिस्पाइट ऑफ सबमिटिंग द डॉक्युमेंट्स ऑन टाइम, माय अॅप्लिकेशन वॉज रिजेक्टेड.’
‘आय सबमिटेड द डॉक्युमेंट्स ऑन टाइम, हाउएव्हर माय अॅप्लिकेशन वॉज रिजेक्टेड.’

चारही वाक्यांतून सांगायचं ते वाचणाऱ्यापर्यंत पोचतं. तरी चारही वाक्यं चुकलेली आहेत आणि प्रत्येकातली चूक वेगळी आहे. तिसऱ्या वाक्यात तर दोन चुका आहेत. पहिली कुणालाही दिसते. दुसरी इंग्रजी चांगलं येणाऱ्यांच्याही नजरेतून सुटते.

‘ऑलदो’, ‘डिस्पाइट’, ‘इन स्पाइट ऑफ’ आणि ‘हाउएव्हर’ हे चार शब्द साधारण एकच काम करतात. एका गोष्टीवरून जे व्हावं असं वाटतं ते झालं नाही, हे ते सांगतात. शिकवताना चौघांचा अर्थ एकत्रच दिला जातो आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते. अर्थ एक असला तरी या शब्दांची व्याकरणातली जात एक नाही. शाळेत मराठीच्या तासाला अव्ययांचे प्रकार पाठ केलेले असतात : क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. त्यांतले पहिले तीन इथे अगदी नेमके उपयोगी पडतात. ‘ऑलदो’ उभयान्वयी आहे, म्हणजे दोन वाक्यांना जोडणारं. ‘डिस्पाइट’ आणि ‘इन स्पाइट ऑफ’ आपल्या शब्दयोगी अव्ययांसारखी नामाच्या आधाराने राहतात. फरक एवढाच, की मराठीत असा शब्द नामाच्या मागून चिकटतो आणि इंग्रजीत तो नामाच्या आधी सुटा उभा राहतो. ‘हाउएव्हर’ मात्र क्रियाविशेषण आहे. त्याला नाम सांभाळायचं नसतं आणि दोन वाक्यं बांधण्याचं बळही त्याच्यात नसतं.

एवढं ध्यानात आलं की पुढचं व्याकरण पाठ करावं लागत नाही. ‘ऑलदो’नंतर कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद असलेलं वाक्य हवं. ‘डिस्पाइट’नंतर नाम हवं, किंवा नामासारखं वागणारं ‘-इंग’ रूप. आपलं वाक्य बरोबर आहे का, हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे तो शब्द झाकून त्याच्या पुढचा स्वल्पविरामापर्यंतचा भाग वाचणं. ‘ऑलदो इट वॉज रेनिंग’ यातला पहिला शब्द झाकला तर ‘इट वॉज रेनिंग’ उरतं. ते स्वतःच्या पायावर उभं राहणारं वाक्य आहे, म्हणजे ‘ऑलदो’ योग्य. ‘द हेवी रेन’ एवढंच उरलं, तर ते वाक्य नव्हे. तिथे ‘डिस्पाइट’ किंवा ‘इन स्पाइट ऑफ’ हवं. वर दिलेल्या दुसऱ्या वाक्यात ‘इन स्पाइट’च्या पुढे ‘आय सबमिटेड’ हे अख्खं वाक्य आलं आहे, म्हणून ते चुकलं. तेच वाक्य ठेवायचं असेल तर आधी ‘ऑलदो’ लिहायचं. ‘डिस्पाइट’च हवं असेल तर मध्ये ‘द फॅक्ट दॅट’ हे शब्द घालून त्यापुढे पूर्ण वाक्य लिहिता येतं. ते शुद्ध आहे, पण लांबलचक. आणि बहुतेक ठिकाणी ‘ऑलदो’ने तेच काम एका शब्दात होतं.

आता ‘ऑलदो’ आणि ‘बट’ची जोडी. ही चूक मराठी माणूस करतो, हिंदी बोलणारा करतो आणि चिनी बोलणाराही करतो, कारण या भाषांमध्ये असे शब्द जोडीने येतात. संस्कृतात ‘यद्यपि’च्या मागोमाग ‘तथापि’ येतो, हिंदीत ‘हालाँकि’नंतर ‘लेकिन’, मराठीत ‘जरी’नंतर ‘तरी’. चिनीतही ‘असं असलं तरी’ या अर्थाच्या शब्दापाठोपाठ ‘पण’ या अर्थाचा शब्द येतो. इंग्रजीला मात्र दोन वाक्यं बांधायला एकच उभयान्वयी पुरतं. ‘ऑलदो’ने गाठ मारल्यावर ‘बट’ने तीच गाठ पुन्हा मारायला जागा राहत नाही.

मराठी माणसाच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. जोडीतला एक शब्द गाळायचा झाला तर आपण ‘जरी’ गाळतो, ‘तरी’ नाही. ‘पाऊस पडत होता तरी सामना झाला’ हे वाक्य कुणालाही खटकत नाही, पण ‘जरी पाऊस पडत होता, सामना झाला’ हे अर्धवट वाटतं. मराठीत सगळा भार ‘तरी’वर असतो. इंग्रजीत नेमकं उलट आहे : तिथे ‘जरी’चं काम करणारा शब्द ठेवायचा आणि ‘तरी’ मनातच ठेवायचा. जे आपल्या कानाला अनावश्यक वाटतं तेच तिथे आवश्यक, आणि जे आपण कधीच गाळत नाही तेच तिथे गाळायचं. ‘ऑलदो’ लिहून झाल्यावर स्वल्पविरामापाशी पोचलेला हात ‘तरी’ शोधतो, तो सापडत नाही आणि जागा भरायला ‘बट’ येतो. हे सवयीचं दुखणं आहे, अज्ञानाचं नाही. म्हणूनच नियम माहीत असणाऱ्यांच्या लिखाणातही ही जोडी आढळते.

‘तरी’ लिहिल्याशिवाय चैनच पडत नसेल तर इंग्रजीत त्याची एक सोय आहे. ‘येट’ किंवा ‘स्टिल’ हे शब्द ‘ऑलदो’च्या वाक्यात चालतात : ‘ऑलदो ही वॉज टायर्ड, ही स्टिल केम.’ हे शब्द इथे क्रियाविशेषण म्हणून येतात. दोन वाक्यांना पुन्हा बांधत नाहीत, नुसता जोर देतात. ‘दो’ आणि ‘येट’ ही जुनी जोडी तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणातही दिलेली आहे. आजच्या इंग्रजीत ‘येट’ थोडा जुन्या वळणाचा वाटतो, ‘स्टिल’ रोजच्या वापरातला. पण दोन्ही शुद्ध आहेत. अशुद्ध आहे तो फक्त ‘बट’.

तिसऱ्या वाक्यातल्या ‘डिस्पाइट ऑफ’चा उगम कळला की ती चूक पुन्हा सहसा होत नाही. ‘डिस्पाइट’ मुळात नाम होतं. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा अर्थ तुच्छता किंवा द्वेष असा होता. त्यावरून ‘इन डिस्पाइट ऑफ’ असा प्रयोग रूढ झाला, म्हणजे एखाद्याला धुडकावून. ‘स्पाइट’ हे त्याच नामाचं डोकं छाटलेलं रूप, आणि ‘इन स्पाइट ऑफ’मध्ये ते आजही नामच आहे. म्हणून पुढच्या शब्दाशी जोडायला त्याला ‘ऑफ’ लागतो, आणि ‘इन’ किंवा ‘ऑफ’ यांपैकी काहीही गाळलं तर प्रयोग मोडतो. ‘डिस्पाइट’चा पुढचा-मागचा आधार मात्र काळाच्या ओघात गळून पडला आणि ते स्वतःच नामाआधी लागणारं अव्यय झालं. त्याला ‘ऑफ’ची गरज राहिली नाही. अर्थात दोघांत काही फरक नाही. ‘डिस्पाइट’ आखूड असल्यामुळे मथळ्यांत आणि औपचारिक लिखाणात तो जास्त सोयीचा पडतो, एवढंच.

मराठीत ‘डिस्पाइट’ला चपखल बसेल असं एकच शब्दयोगी अव्यय नाही. वर्तमानपत्रांत ‘विरोधाला न जुमानता’ असा प्रयोग येतो, आणि तो मूळ अर्थाच्या फार जवळचा आहे. रोजच्या बोलण्यात आपण हे काम धातूला ‘-ऊनही’ किंवा ‘-तानाही’ जोडून करतो : असूनही, करूनही, नसतानाही. ही रूपं आणि इंग्रजीतली ‘-इंग’ रूपं इतकी जुळतात की भाषांतर जवळजवळ आपोआप होतं. ‘आजारी असूनही ती परीक्षेला बसली’ म्हणजे ‘डिस्पाइट बीइंग इल, शी टुक द एग्झाम.’ ‘तिकीट नसतानाही तो आत शिरला’ म्हणजे ‘डिस्पाइट नॉट हॅव्हिंग अ टिकिट, ही गॉट इन.’ नकार द्यायचा असेल तर ‘नॉट’ हा ‘-इंग’ रूपाच्या आधी येतो, हे लक्षात ठेवलं की झालं. ‘खूप अभ्यास करूनही तो नापास झाला’ यात अभ्यास आधी संपलेला आहे. तो क्रम स्पष्ट करायचा असेल तर ‘डिस्पाइट हॅव्हिंग स्टडीड हार्ड’ म्हणता येतं. नुसतं ‘डिस्पाइट स्टडीइंग हार्ड’ही चालतं.

हे साम्य जिथे संपतं, तिथेच तिसऱ्या वाक्यातली दुसरी चूक दडलेली आहे.

‘वडील आजारी असूनही ती परीक्षेला बसली’ हे निर्दोष मराठी आहे. आजारी कोण, तर वडील. परीक्षेला बसली ती मुलगी. ‘असूनही’चा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता वेगळे आहेत आणि मराठीला त्याचं काही वाटत नाही, कारण ‘वडील’ हा शब्द ‘असूनही’च्या आधी स्पष्टपणे उच्चारलेला आहे. कर्ता न उच्चारताही आपलं भागतं. ‘वेळेत कागदपत्रं देऊनही अर्ज फेटाळला गेला’ या वाक्यात कागदपत्रं कुणी दिली, हा प्रश्न कुणी विचारत नाही. इंग्रजी इथे कडक आहे. ‘डिस्पाइट’नंतरच्या ‘-इंग’ रूपाला स्वतःचा कर्ता दिला नसेल, तर स्वल्पविरामानंतर येणाऱ्या मुख्य वाक्याचा कर्ता हाच त्याचाही कर्ता मानला जातो. आता तिसरं वाक्य ‘ऑफ’ काढून पुन्हा वाचावं : ‘डिस्पाइट सबमिटिंग द डॉक्युमेंट्स ऑन टाइम, माय अॅप्लिकेशन वॉज रिजेक्टेड.’ मुख्य वाक्याचा कर्ता ‘माय अॅप्लिकेशन’. म्हणजे वाक्याच्या बांधणीनुसार कागदपत्रं अर्जानेच सादर केली.

इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या हातूनही हे होतं, आणि संदर्भामुळे अर्थ निभावून जातो. पण प्रत्येक वेळी निभावतोच असं नाही. ‘डिस्पाइट बीइंग इल, शी टुक द एग्झाम’ हेच वाक्य वडिलांच्या आजारपणासाठी वापरलं, तर वाचणारा मुलीलाच आजारी समजेल आणि त्याला आपली चूक कळायचं काही कारणही नाही. रजेच्या अर्जात, वैद्यकीय कागदात किंवा पोलिसांकडच्या निवेदनात असं झालं तर माहितीच बदलते. यातून सुटायला तीन वाटा आहेत. ‘-इंग’ रूपाआधी त्याचा कर्ता लिहावा : ‘डिस्पाइट हर फादर बीइंग इल’. क्रियापदाऐवजी नाम घ्यावं : ‘डिस्पाइट हर फादर्स इलनेस’. किंवा सरळ ‘ऑलदो’ वापरून पूर्ण वाक्य लिहावं : ‘ऑलदो हर फादर वॉज इल’. दोन कर्ते वेगळे असतील तेव्हा ही शेवटची वाट सर्वांत निर्धोक, कारण तिथे कर्ता लिहिल्यावाचून पुढे जाताच येत नाही. अर्जदाराच्या पत्रातही तेच बरं : ‘ऑलदो आय सबमिटेड द डॉक्युमेंट्स ऑन टाइम, माय अॅप्लिकेशन वॉज रिजेक्टेड.’ ‘डिस्पाइट’च ठेवायचं असेल तर ‘डिस्पाइट माय सबमिटिंग...’ असं कर्त्यासकट लिहावं लागेल. ते शुद्ध असलं तरी कानाला जड लागतं.

‘हाउएव्हर’चं मराठी नातं ‘मात्र’शी आहे आणि ते पुष्कळ दूरवर जातं. दोघांनाही वाक्यात फिरता येतं. ‘सगळे आले. रमेश मात्र आला नाही’ या वाक्यात ‘मात्र’ कर्त्यानंतर बसतो. इंग्रजीतही नेमकी तीच जागा मिळते : ‘रमेश, हाउएव्हर, डिड नॉट कम.’ तो वाक्याच्या सुरुवातीला येतो, मध्ये येतो, शेवटीही येतो. विल्यम स्ट्रंक या अमेरिकी प्राध्यापकांनी 1918च्या आपल्या ‘एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ या छोट्या पुस्तकात तर हा शब्द वाक्यारंभी नकोच असं बजावलं होतं. आज ते बंधन फारसं कुणी पाळत नाही, आणि वाक्यारंभी येणारा ‘हाउएव्हर’ हाच आता जास्त दिसतो. पण स्ट्रंक यांच्या आग्रहात मराठी वाचकाला पटण्यासारखं काहीतरी आहे. मधल्या जागी बसलेला ‘हाउएव्हर’ आपल्या आधीच्या शब्दाला उठाव देतो. ‘मात्र’ही तेच करतो. ‘रमेश मात्र’ म्हटलं की इतरांपेक्षा वेगळा वागलेला तो रमेश, हे त्या एका शब्दातून कळतं.

फरक पडतो तो विरामचिन्हांत. मराठीत ‘मात्र’च्या आगेमागे काहीच चिन्ह लागत नाही. इंग्रजीत ‘हाउएव्हर’ दोन वाक्यांना बांधू शकत नसल्यामुळे आधीचं वाक्य तिथे खरोखर संपावं लागतं, पूर्णविरामाने किंवा अर्धविरामाने. त्यानंतर ‘हाउएव्हर’ आणि त्याच्यामागे स्वल्पविराम : ‘आय सबमिटेड द डॉक्युमेंट्स ऑन टाइम; हाउएव्हर, माय अॅप्लिकेशन वॉज रिजेक्टेड.’ सुरुवातीच्या चौथ्या वाक्यात एका स्वल्पविरामावर दोन पूर्ण वाक्यं टांगलेली होती. ‘बट’ असतं तर ते चाललं असतं, कारण ‘बट’ उभयान्वयी आहे.

भारतीय कार्यालयांतल्या ईमेलमध्ये याच्या उलटी चूकही सर्रास दिसते. एक वाक्य संपतं आणि दुसरं सुरू होतं : ‘ऑलदो, आय हॅव नॉट रिसीव्ह्ड द फाइल.’ इथे ‘ऑलदो’ला ‘हाउएव्हर’च्या जागी बसवलं आहे, स्वल्पविरामासकट. ‘ऑलदो’च्या लगेच मागे स्वल्पविराम दिसला, की बहुतेक वेळा तिथे चुकीचा शब्द आलेला असतो. शिवाय ‘ऑलदो’ने सुरू झालेलं वाक्य पुढच्या मुख्य वाक्याची वाट पाहत असतं. ते आलंच नाही, तर वाचणारा ‘फाइल मिळाली नसली तरी’ एवढ्यावर लोंबकळत राहतो. मराठीत ‘फाइल मिळाली नसली तरी.’ असं लिहून कुणी पूर्णविराम देणार नाही.

व्याकरण सांभाळल्यावर निवडीचा प्रश्न उरतो. तिन्ही जातींचे शब्द बरोबर वापरता येत असतील, तर कुठे कोणता घ्यावा?

‘ऑलदो’ आपल्या मागचं वाक्य थोडं मागे ढकलतो आणि मुख्य वाक्याला पुढे करतो. ‘पगार कमी असला तरी काम आवडीचं आहे’ असं म्हणणारा त्या नोकरीत राहणार. ‘काम आवडीचं असलं तरी पगार कमी आहे’ असं म्हणणारा दुसरी नोकरी शोधतोय. माहिती तीच, कल वेगळा. इंग्रजीतही हे असंच घडतं. म्हणून ‘ऑलदो’ कोणत्या अर्ध्या भागाला लावायचा, हे आधी ठरवावं लागतं. जे आपल्याला ठसवायचं आहे ते मुख्य वाक्यात यायला हवं. ‘हाउएव्हर’ दोन्ही वाक्यांना पूर्ण उंची देतो, कारण दोन्ही स्वतंत्र असतात. दोन्ही बाबी लांबलचक असतील, प्रत्येकीत आकडे किंवा तारखा असतील, तर त्या एका वाक्यात कोंबण्यापेक्षा मध्ये पूर्णविराम देऊन ‘हाउएव्हर’ घेणं वाचणाऱ्याच्या सोयीचं.

‘डिस्पाइट’ची अट जरा कडक आहे. त्याच्या मागे जे येतं तो अडथळा असावा लागतो, किंवा त्यामुळे वेगळंच काही व्हायला हवं होतं असं वाटावं लागतं. ‘मुसळधार पावसातही सामना झाला’ इथे ‘डिस्पाइट द हेवी रेन’ चपखल बसतं. पण ‘पुण्यात पाऊस झाला, सोलापुरात मात्र झाला नाही’ ही नुसती तफावत आहे. पुण्यातल्या पावसाने सोलापुरात पाऊस पडायलाच हवा असं काही नाही. इथे ‘डिस्पाइट’ घातलं तर वाचणारा चक्रावेल. ‘हाउएव्हर’ किंवा साधं ‘बट’ योग्य.

ज्या प्रश्नपत्रिकांत ‘ऑलदो’चं वाक्य ‘इन स्पाइट ऑफ’ वापरून पुन्हा लिहायला सांगतात, तिथे मुलं बहुधा शब्द बदलतात आणि पुढचं वाक्य तसंच ठेवतात. खरं काम असतं ते क्रियापदाचं नाम किंवा ‘-इंग’ रूप करण्याचं, आणि आधीचा ‘बट’ किंवा ‘ऑलदो’ काढून टाकण्याचं. ‘ही वॉज पुअर, बट ही वॉज ऑनेस्ट’ याचं ‘इन स्पाइट ऑफ बीइंग पुअर, ही वॉज ऑनेस्ट’ होतं, किंवा ‘इन स्पाइट ऑफ हिज पॉव्हर्टी’. दुसऱ्या रूपात क्रियापद पूर्ण विरघळून नाम उरलं आहे, आणि वाक्य आखूडही झालं आहे.

बोलण्यातलं इंग्रजी या चौघांपेक्षा ‘बट’ आणि ‘दो’ यांवर जास्त चालतं. ‘हाउएव्हर’ गप्पांत फार औपचारिक वाटतो. ‘दो’ हा ‘ऑलदो’चा धाकटा भाऊ सुरुवातीला त्याच्यासारखाच वागतो, पण त्याला एक जास्तीची मुभा आहे : तो वाक्याच्या अगदी शेवटी येऊ शकतो. ‘द रूम इज स्मॉल. इट्स क्लीन, दो.’ खोली लहान आहे. स्वच्छ आहे मात्र. या जागी ‘ऑलदो’ कधीच येत नाही.

‘हाउएव्हर’चंही एक दुसरं रूप आहे, ज्याचा ‘मात्र’शी काही संबंध नाही. ‘हाउएव्हर हार्ड ही ट्राइड, द डोअर वुड नॉट ओपन’ या वाक्यात त्याचा अर्थ ‘कितीही’ असा आहे : त्याने कितीही जोर लावला तरी दार उघडेना. तेव्हा त्याच्यामागे स्वल्पविराम येत नाही, लगेच विशेषण किंवा क्रियाविशेषण येतं, आणि आपल्या ‘कितीही... तरी’मधला ‘तरी’ इंग्रजीत इथेही गळून पडतो.